नाव खोडले म्हणजे ओळख पुसली जात नाही

‘सहभागींची माहिती सुरक्षित व गोपनीय ठेवली जाईल आणि आवश्यकतेनुसार अन्य संशोधकांना उपलब्ध करून दिली जाईल.’ संशोधन प्रस्तावातील विदा व्यवस्थापनाचे निवेदन पुष्कळदा या एका वाक्यात आटोपते. माहिती कुठे, कोणाच्या हाती, कशासाठी आणि किती काळ राहील, यांपैकी काहीच त्यातून कळत नाही.

समजा, बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा अभ्यास करायचा आहे. नावे काढून तक्ता खुला केला की काम झाले, हा समज येथे घातक ठरतो. गाव, वय ३४, मुले ३, शस्त्रक्रिया २०१७ एवढ्या नोंदी एकत्र आल्या, की लहान गावात ती स्त्री बहुधा एकटीच उरते आणि टोळीच्या मुकादमाला तिची ओळख लगेच पटते. संगणकशास्त्रज्ञ लतान्या स्वीनी यांनी अमेरिकेच्या १९९० च्या जनगणनेवरून केलेल्या अंदाजानुसार पिनकोड, लिंग आणि जन्मतारीख एवढ्यावरून तेथील ८७ टक्के लोक वेगळे ओळखू येण्याजोगे होते. त्यामुळे गावाऐवजी तालुका, नेमक्या वयाऐवजी दहा वर्षांचा गट आणि वर्षाऐवजी पाच वर्षांचा कालखंड नोंदवावा. अशा प्रत्येक मिश्रणात किमान पाच स्त्रिया नसतील, तर त्या ओळी बाहेर देऊ नयेत. तरीही गटातील पाचही जणींची शस्त्रक्रिया झालेली असेल, तर त्या गटात कोण आहे हे ठाऊक असणाऱ्याला उत्तर मिळतेच. ‘अभेद्य एन्क्रिप्शन’ची जाहिरात येथे निरुपयोगी आहे, कारण धोका कुलूप तोडणाऱ्याकडून नसून रीतसर उघडलेल्या तक्त्यातून आहे.

सुधारित निवेदन असे लिहिता येईल: ‘नावे व संकेतांक यांची यादी उत्तरांपासून वेगळी, विभागातील एन्क्रिप्ट केलेल्या संगणकावर राहील आणि ती केवळ प्रमुख संशोधक व विदा व्यवस्थापक उघडू शकतील. मुलाखतींचे ध्वनिमुद्रण लेखी प्रतीची पडताळणी होताच नष्ट केले जाईल. मुलाखतींची लेखी प्रत खुली केली जाणार नाही. गटवार तक्ता केवळ स्त्री-आरोग्याच्या अभ्यासासाठी, नीतिशास्त्र समितीच्या नव्या मंजुरीनंतर दिला जाईल. साखर कारखाना, मुकादम वा विमा कंपनी यांना तो मिळणार नाही. लेखी प्रत व तक्ता, राखीव प्रतींसह, अंतिम अहवालाच्या तारखेपासून १० वर्षांनी नष्ट केले जातील.’

‘१० वर्षे’ एवढेच लिहिले, तर मोजणी कोणत्या दिवसापासून करायची यावर पुढे वाद होतो. राखीव प्रतींचा उल्लेख राहिला, तर मूळ फाइल पुसल्यावरही माहिती दुसऱ्या सर्व्हरवर जिवंत राहते.

नावांची यादी नष्ट करण्याची तारीख मात्र निवेदनाबरोबर संमतीपत्रातही यायला हवी, कारण त्यानंतर एखादीने माघार घेतली, तरी तिची नोंद कोणती हे संशोधकालाही शोधता येत नाही. ही मुदत जानेवारीत ठेवली, तर बहुतेक स्त्रिया तेव्हा गावापासून दूर उसाच्या फडात असतात. हंगाम संपवून त्या परततात, त्यानंतरची ३० जून ही तारीख लिहावी.