क्लिकर प्रशिक्षण

क्लिकर प्रशिक्षण ही प्राण्याला शिकवण्याची एक पद्धत आहे. हवी ती कृती घडली त्याच क्षणी एक ठरावीक छोटा आवाज करायचा आणि लगेच खाऊ द्यायचा, एवढ्यावर ती उभी आहे. क्लिकर म्हणजे अंगठ्याने दाबायची लहानशी डबी. आतली पोलादी पट्टी दबून ‘टिक्’ असा आवाज येतो. हा आवाज म्हणजे बक्षीस नव्हे. ‘आत्ता केलंस ते बरोबर, खाऊ येतोय’ एवढीच खूण तो देतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९५१ मध्ये खेळण्यातल्या अशाच डबीने कुत्र्याला शिकवण्याची रीत लिहून ठेवली. पुढे हवाईत डॉल्फिन शिकवणाऱ्या कॅरेन प्रायर यांच्यामुळे ती घरोघरच्या कुत्र्यांपर्यंत पोहोचली. डॉल्फिनसाठी खुणेचे काम शिट्टी करत असे, कारण पोहत्या प्राण्याच्या तोंडात वेळेवर मासा देता येत नाही.

खुणेची वेळ

‘बस’ म्हटल्यावर कुत्रा बसतो. मालक खिशात हात घालतो, पिशवी चाचपतो, तुकडा पुढे करतो. तोवर दोन-तीन सेकंद गेलेले असतात आणि कुत्रा उठून खिसा हुंगू लागलेला असतो. बक्षीस मिळते ते हुंगण्याला. बूड जमिनीला टेकताच क्लिक झाला असेल, तर मागून येणारा खाऊ त्या टेकण्याच्याच खात्यावर जमा होतो.

त्याआधी खुणेला अर्थ यावा लागतो. शांत खोलीत क्लिक करायचा आणि लगेच वाटाण्याएवढा तुकडा द्यायचा. असे पंधरा-वीसदा केल्यावर, कुत्रा दुसरीकडे पाहत असताना क्लिक करून बघावे. त्याने झटकन मान वळवली तर जोडी जुळली. आवाजाला दचकणाऱ्या कुत्र्यासाठी डबी मोज्यात गुंडाळावी किंवा बटणाचे पेन वापरावे. चुकून क्लिक झाला तरी खाऊ द्यायचाच, नाहीतर खूण पोकळ होते.

बहुतेकांची चूक हातात असते. क्लिकच्या आधीच हात खाऊच्या पिशवीकडे सरकतो, कुत्रा हाताकडे बघायला शिकतो आणि आवाज त्याच्या लेखी उरतच नाही. म्हणून हात स्थिर, मग क्लिक, मग हात हलवायचा. दुसरी चूक उशिराची. डोळ्यांनी पाहून बोट दाबायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो, म्हणून कृती पूर्ण होण्याची वाट न पाहता ती सुरू होताना टिपावी लागते. याचा सराव कुत्र्याशिवाय करता येतो: एकाने चेंडू टाकायचा, दुसऱ्याने तो जमिनीला लागताच क्लिक करायचा. फोनवर संथ गतीचे चित्रण केले की आपण किती मागे आहोत ते दिसते. चुकीच्या वेळेचा परिणाम कुत्राच दाखवतो. बसण्याऐवजी तो बसून लगेच उठू लागला, तर क्लिक उठण्यावर पडत आहे.

शिक्षा का उलटते

रंकाळ्याच्या पदपथावर संध्याकाळी हे दृश्य नेहमीचे आहे. समोरून दुसरा कुत्रा येतो, आपला भुंकत झेपावतो, मालक दोरीला हिसका देतो आणि ओरडतो. मालकाच्या मते हिसका भुंकण्याला होता. कुत्र्याच्या अनुभवात मात्र समोर कुत्रा दिसला की मान दुखते. असे रोज घडले की समोरच्या कुत्र्याबद्दलची भीती वाढते आणि तिच्यासोबत भुंकणेही.

हिसके पुरेसे जोरदार असतील तर भुंकणे थांबतेही, आणि हे जास्त धोक्याचे आहे. गुरगुरणे म्हणजे ‘लांब राहा’ ही सूचना. ती दाबली जाते, भीती तशीच राहते, आणि एके दिवशी कुत्रा न गुरगुरता चावतो. लोक म्हणतात ‘अचानक चावला’. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी २००९ मध्ये १४० मालकांकडून माहिती घेतली होती. कुत्र्याला मारून किंवा लाथाडून पाहिलेल्या मालकांपैकी ४३ टक्क्यांनी कुत्रा उलट अंगावर आल्याचे नोंदवले.

शिक्षेने वर्तन कधीच थांबत नाही असे नाही. पण त्यासाठी ती त्याच क्षणी, दरवेळी आणि पहिल्यांदाच पुरेशा जोराची असावी लागते. घरात यातले एकही पाळले जात नाही. कोल्हापुरी चप्पल सकाळी कुरतडलेली असते आणि मार संध्याकाळी बसतो. कुत्रा कान पाडून अंग चोरतो, त्याला आपण कबुली समजतो. कुत्र्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक ॲलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ च्या प्रयोगात दाखवले की हा चेहरा गुन्ह्यावर अवलंबून नसतो. मालक रागावला की निर्दोष कुत्राही तसाच दिसतो. तरी मालक शिक्षा सोडत नाही, कारण ओरडल्यावर कुत्रा क्षणभर गप्प होतो आणि तो क्षण हे मालकाचे बक्षीस ठरते.

पदपथावरचा क्रम

त्याच भुंकणाऱ्या कुत्र्याला क्लिकरने शिकवायचे तर सुरुवात गर्दी नसताना, पहाटे करावी. आपला कुत्रा समोरच्याला पाहतो पण भुंकत नाही, एवढे अंतर आधी शोधायचे. काहींना तीस मीटर लागतात, काहींना त्याहून जास्त. कान ताठ झाले, नजर तिकडे वळली, त्या क्षणी क्लिक. भुंकण्याच्या आधी, नंतर नव्हे. मग खाऊ आपल्या पायापाशी द्यायचा, म्हणजे मान आपोआप इकडे वळते.

खाऊ म्हणून उकडलेल्या कोंबडीचे तुकडे उत्तम, पण ते पांढऱ्या रश्श्यातले नकोत. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, म्हणून तुकडे मीठ-मसाल्याशिवाय वेगळे उकडावेत. तीन-चार मिनिटांच्या एका फेरीला दहा-बारा तुकडे लागतात. तेवढे जेवणातून कमी करावे.

काही दिवसांनी कुत्रा समोरच्याला पाहून स्वतःहून मालकाकडे मान वळवू लागतो. आता क्लिक पाहण्याला नव्हे, या वळण्याला द्यायचा. दहापैकी आठदा हे जमले की दोन-तीन मीटर जवळ जायचे. कुत्रा खाऊ घेईना, किंवा एरवी हळुवार घेणारा बोटासकट ओढू लागला, तर आपण फार जवळ आलो आहोत. काही न बोलता वळून मागे जायचे. समोरचा कुत्रा मोकळा असेल आणि धावत येणार असेल तर तो धडा त्या दिवसापुरता संपला. अशा वेळी अंतर आपल्या हातात राहत नाही.

मर्यादा

डबीत जादू नाही. इटलीतल्या ट्रिएस्टे विद्यापीठाच्या २०१६ च्या अभ्यासात ५१ कुत्र्यांना ब्रेडचा डबा उघडायला शिकवले. क्लिक, तोंडी शब्द आणि नुसता खाऊ या तिन्ही गटांत शिकण्यात फरक आढळला नाही. ‘हां’ असा एकच तोकडा शब्द, नेहमी त्याच सुरात, साध्या कामाला पुरतो. मान वळण्यासारखी निमिषभराची हालचाल टिपायची असते तिथे डबी हाताशी असलेली बरी, कारण तिच्या आवाजात वैताग किंवा थकवा उतरत नाही. एरवी शांत असलेला कुत्रा एकाएकी चिडका झाला असेल तर कान, दात, सांधे यांचे दुखणे आधी पशुवैद्याकडून तपासून घ्यावे. दुखणाऱ्या कुत्र्यावर हा क्रम चालत नाही.

वळण्याची सवय पक्की झाली की क्लिकर खिशात ठेवून शब्दावर येता येते. खाऊ मात्र एकदम बंद करू नये. आधी दर दुसऱ्या वळण्याला, मग कधी तिसऱ्या, कधी पाचव्या. समोरून येणारा कुत्रा मोठा किंवा जास्तच जवळचा असेल, त्या दिवशी पुन्हा प्रत्येक वळण्याला.