फी वाढवणं वेगळं, वाढीव कामाचे पैसे मागणं वेगळं

दर फेब्रुवारीत कोणी ना कोणी मला ग्राहकाला पाठवायचं आपलं फीवाढीचं पत्र दाखवतं, "जरा बघ ना, नीट वाटतंय का", आणि दर वेळी तेच, पहिल्या परिच्छेदात महागाई, दुसऱ्यात "शिवाय तुमचं कामही खूप वाढलंय", आणि खाली दोन्हीचा मिळून एकच आकडा. अरे, ही दोन वेगळी पत्रं आहेत!

महिन्याची ठरलेली फी म्हणजे काय ते तुम्हाला माहितीच आहे, त्यात वेळ घालवत नाही. फीवाढ म्हणजे काम तेवढंच, दर नवा. कामवाढ म्हणजे दर तोच, पण मूळ ठरलं तेव्हा नसलेलं काम आलंय. ओळखायचं कसं, तर स्वतःलाच विचारा, हे काम उद्या बंद झालं तर पैसे कमी व्हायला हवेत का? हो असेल तर ती कामवाढ, तिला फीवाढीच्या पत्रात जागा नाही.

समजा तुम्ही पुण्यातल्या एका व्यापाऱ्याचे हिशेब आणि जीएसटी बघता, महिना 18,000 अधिक जीएसटी. यंदा 8 टक्के वाढवायचेत, म्हणजे 19,440. मधल्या काळात साहेबांनी सुरतला गोडाऊन टाकलं आणि तिथूनच माल विकायला लागले. जीएसटीची नोंदणी राज्यागणिक असते, म्हणजे गुजरातचा नंबर वेगळा, दर महिन्याची जीएसटीआर-1 वेगळी, 3बी वेगळी, शिवाय पुण्याहून सुरतला गेलेल्या मालाची बिलं दोन्हीकडे जुळवत बसा. याचे तुम्ही 4,500 धरता. आणि मग दोन्ही मिळून 23,940 होतात, ते गोल करून पत्रात लिहिता काय, तर "1 एप्रिलपासून फी 24,000".

साहेबांना सुरत दिसतच नाही, त्यांना दिसते 33 टक्के वाढ. ते म्हणणार, एवढी कुठे असते का, 10 टक्के घ्या. तुम्ही भिडेखातर हो म्हणता, 19,800 ठरतात. आता वजाबाकी करा, नुसती फीवाढच 19,440 ची होती, म्हणजे सुरतचं सगळं काम महिना 360 रुपयांत गेलं. आणि पुढे गोडाऊन बंद झालं तर ते म्हणणार "आता कमी करा", किती कमी करायचे हे कुठेच लिहिलेलं नाही.

नोटिशीचा घोळही इथूनच होतो. फीवाढ आधी कळवायची असते, करारात 30 दिवस असतील तर निदान 30, मी तर 45 देते, कारण मार्चअखेरीच्या गडबडीत पत्र कोणी उघडत नाही. कामवाढीला नोटीस नसतेच, तिथे काम हातात घ्यायच्या आधी होकार लागतो, आणि समोरचा नाही म्हणू शकतो, सुरतला दुसरा माणूस बघू शकतो. लोक उलटं करतात, सुरतचं काम गुपचूप सुरू करतात आणि पैशांसाठी एप्रिलची वाट बघत बसतात.

बाकी बारीकसारीक. फी जीएसटी सोडून आहे हे लिहा. करार ठरावीक मुदतीचा असेल आणि मधे वाढीचं कलम नसेल, तर नूतनीकरणापर्यंत थांबा. "नम्र विनंती" नको, विनंती केली की नाही म्हणायची सोय झाली. आणि कृपा करून व्हॉट्सॲपवर बिलाखाली एक ओळ टाकून मोकळे होऊ नका, मेल करा.

कारणं दोनच द्या, पण तुमची द्या. नुसती "वाढती महागाई" मला अजिबात आवडत नाही, महागाई त्यांनाही आहेच की. साधारण असं:

"नमस्कार साहेब, 1 एप्रिलपासूनच्या कामासाठी आपली मासिक फी 18,000 ऐवजी 19,440 रुपये अधिक जीएसटी राहील. आपले हिशेब बघणाऱ्या सहायकाचा पगार आणि सॉफ्टवेअरचं वार्षिक शुल्क, दोन्ही यंदा वाढलंय. कामात काही बदल नाही. मार्चच्या कामाचं बिल एप्रिलमध्ये येईल ते जुन्याच दराने असेल. काही बोलायचं असेल तर 10 मार्चपर्यंत कळवा."

मार्चच्या बिलाचं वाक्य गाळू नका. "1 एप्रिलपासून लागू" एवढंच लिहिलं की एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात निघालेलं मार्चचं बिल कोणत्या दराने, यावरून हमखास वाद होतो. वाढ कामाच्या तारखेला लागते, बिलाच्या नाही.

सुरतसाठी दुसरा मेल, दुसऱ्या दिवशी, वेगळ्या विषयाने: गुजरातच्या नोंदणीचं काम, त्यात काय काय येतं, महिना 4,500 अधिक जीएसटी, होकार आला की सुरू, गोडाऊन बंद झालं की त्या महिन्यानंतर बंद. यात घासाघीस झालीच तर 4,500 वर होईल, तुमच्या 8 टक्क्यांना हात लागणार नाही.