अबोल्याला तिसरा माणूस लागतो

हालाच्या गाथासप्तशतीत एक गाथा आहे. नवराबायको रुसलेत. दोघंही झोपेचं सोंग घेऊन पडलेत आणि दोघंही मानी. अंग हलू द्यायचं नाही, श्वाससुद्धा दाबून धरायचा, कान मात्र पलीकडच्याच्या श्वासाकडे लावून ठेवायचा. शेवटी गाथा विचारते, यातला मल्ल कोण? तिथंच ती संपते. भांडण कशावरून झालं, आधी कूस कुणी बदलली, यातलं काही ती सांगत नाही.

'मल्ल' हा शब्द मूळ प्राकृतातही 'मल्लो' असाच आहे. कुस्तीच्या फडातला शब्द असा अंथरुणावर आणून ठेवला की दोघांचं न बोलणं ही झुंज होते, आणि 'शांतता' हा शब्द वापरायची गरजच उरत नाही. पण मला या गाथेत जास्त खटकतो तो प्रश्न विचारणारा. खोलीत तर दोघंच आहेत. मग 'कोण जिंकलं?' असं विचारणारा हा तिसरा कोण, आणि तो कुठं उभा आहे? दोघांमधलं न बोललेलं लिहायची आपल्याकडची जुनी रीत या तिसऱ्याभोवती फिरते, आणि तिचा माग काढत मागं गेलं की आपण पैठणला पोचतो.

पैठण म्हणजे सातवाहनांचं प्रतिष्ठान. हाल हा त्याच घराण्यातला राजा, आणि महाराष्ट्री प्राकृतातल्या सातशे गाथा निवडून एकत्र केल्याचं श्रेय परंपरा त्याला देते. संग्रह नेमका कधीचा यावर अभ्यासकांत एकमत नाही. पहिल्या शतकापासून पुढच्या काही शतकांपर्यंत त्याचा काळ ओढला जातो, आणि पोथ्यापोथ्यांत गाथाही कमीजास्त आहेत. सातव्या शतकात बाणभट्टाला मात्र सातवाहनाचा सुभाषितांचा कोश माहीत होता. संग्रहात गोदावरी 'गोला' या नावानं पुन्हा पुन्हा येते. मराठी वाचकासाठी स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली तो अर्थासह आणि मोठ्या प्रस्तावनेसह सिद्ध केला.

गाथेचं माप ठरलेलं असतं. पहिल्या ओळीत तीस मात्रा, दुसरीत सत्तावीस. सत्तावन्न मात्रांत कोण कुणाशी बोलतंय हे सांगायलाही जागा उरत नाही. म्हणून टीकाकारांनी गाथेच्या आधी आपली एक ओळ जोडायची पद्धत पाडली: 'नायिका सखीला म्हणते', 'दूती नायकाला सांगते'. ही ओळ कवीची नव्हे. एका टीकाकाराला जी सखी वाटते ती दुसऱ्याला सासू वाटते, आणि बोलणाऱ्याचं तोंड बदललं की गाथेचा अर्थच उलटतो. न सांगितलेलं भरून काढायचं काम वाचणाऱ्याकडे सोपवलेलं आहे, आणि टीकाकार हा आपल्या हाती लागलेला त्याचा पहिला वाचक.

या गाथांचं पुढं काय झालं ते पाहण्यासारखं आहे. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनानं ध्वन्यालोक लिहिला. शब्दांनी थेट न सांगितलेला अर्थ, म्हणजे ध्वनी, हाच काव्याचा आत्मा, असा त्याचा सिद्धांत. तो समजावताना अगदी पहिल्या उदाहरणासाठी त्यानं उचलली ती गोदाकाठची गाथा. एक बाई एका धार्मिक गृहस्थाला म्हणते, 'महाराज, आता खुशाल फिरा. ते कुत्रं आज त्या माजलेल्या सिंहानं मारलं. तोच हो, गोदेकाठच्या झाडीत राहतो तो.'

वरवर हे आमंत्रण आहे. पण जो माणूस कुत्र्याला भीत होता त्याला ती सिंहाची बातमी देतेय. खरं तर तिला तो तिथं नको आहे, कारण ती झाडी तिची आणि आणखी कुणाची तरी भेटायची जागा आहे. हा 'आणखी कुणी' गाथेत कुठंच नाही. त्याच्याबद्दल एक अक्षर नाही, त्याला उद्देशूनही काही नाही. बोलणं चाललंय धार्मिक महाराजांशी, आणि त्यातून जे उभं राहतं ते न आलेल्या माणसाशी असलेलं नातं. मराठीत याला म्हण आहे: लेकी बोले, सुने लागे. म्हणीत मात्र टोमणा असतो, इथं तो नाही. इथं बोलण्याच्या आडोशानं एक माणूस लपवलाय.

ही गाथा पुढं शतकानुशतकं वादात राहिली. नंतरचा काव्यशास्त्रकार महिमभट्ट म्हणाला, यात ध्वनी वगैरे काही नाही, हे साधं अनुमान आहे. भित्रा माणूस धोक्याच्या जागी जात नाही, तिथं सिंह आहे, म्हणून त्यानं जाऊ नये. मम्मट या दुसऱ्या काव्यशास्त्रकारानं याला दिलेलं उत्तर मला फार आवडतं. भित्रा माणूसही गुरूच्या आज्ञेनं किंवा प्रेमापोटी धोक्यात जातोच. कुत्र्याला भिणारा सिंहाला भीत नाही, असंही असू शकतं. आणि मुळात सिंह आहे कशावरून? ही बाई म्हणते म्हणून! तिच्या शब्दाला पुरावा काय? म्हणजे सगळं हिशेबात बसत नाही, तरीही अर्थ आपल्याला कळतो. लिहिणाऱ्यानं यातून घ्यावं असं काही असेल तर हेच: न सांगितलेलं जर गणितासारखं एकाच उत्तरावर येऊन थांबलं, तर ते कोडं झालं.

दुसरी एक प्रसिद्ध गाथा याच पठडीतली. घरी मुक्कामाला आलेल्या वाटसरूला सून सांगते, 'सासू इथं झोपते, मी इथं. दिवसाउजेडी नीट बघून ठेव. रातांधळा आहेस, रात्री आमच्या अंथरुणावर येऊन पडशील.' सासूसाठी गाथेत 'अत्ता' हा शब्द आहे, आणि आमच्याकडं खेड्यात सून अजूनही सासूला आत्याबाई म्हणते. यातली खरी करामत 'आमच्या' या शब्दात आहे. मूळ शब्द आहे 'मह', आणि त्याचा सरळ अर्थ 'माझ्या' असा लागू शकतो. ध्वन्यालोकाचा टीकाकार अभिनवगुप्त मात्र बजावतो की इथं तो 'आम्हा दोघींच्या' असाच घ्यायचा. 'माझ्या' म्हटलं तर ऐकत बसलेल्या सासूला संशय येईल. एका सर्वनामात सगळं फुटलं असतं. इथं तिसरं माणूस बोलण्यात नाही, ते कोपऱ्यात बसून ऐकतंय, आणि त्याच्या कानाला जपून वाक्य बांधलं गेलंय.

माणूस मुळात घरातच नसेल तर? त्यासाठीही गाथा आहे: 'अज्जं गओ त्ति अज्जं गओ त्ति अज्जं गओ त्ति'. आज गेला, आज गेला, आज गेला. असं म्हणत तिनं दिवस मोजायला भिंतीवर रेघा ओढल्या, आणि पहिला अर्धा दिवस सरायच्या आतच भिंत रेघांनी भरून गेली. इथं तिसऱ्याची जागा भिंतीनं घेतलीय. एका दिवसाची एक रेघ हा हिशेब तिच्याकडून मोडला, एवढंच कवी दाखवतो. ती रडली की नाही, याची तो चौकशी करत नाही.

पुढचा दुवा ओवीचा. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वरानं बाराव्या शतकात, ११२९च्या सुमारास, मानसोल्लास या आपल्या ग्रंथात नोंदवलंय की महाराष्ट्रात बायका कांडताना ओवी गातात. जात्यापाशी बसलेल्या बाईच्या ओव्या बहुतेक वेळा कुणाला तरी उद्देशून असतात, सखीला, भावाला, विठ्ठलाला, खुद्द जात्याला. गोदाकाठच्याच गंगाखेडच्या जनाबाईच्या बाबतीत तर जनमानसानं विठ्ठलालाच खुंटा धरायला समोर बसवलं. ज्याच्याशी संसार करायचा त्या नवऱ्याचं तर नावही घ्यायचं नाही. घ्यायचंच तर उखाण्यात, चारचौघांच्या आग्रहावरून. एरवी 'हे', 'मालक', नाहीतर 'पोराचा बाप'. गाथेतला आडोसा इथं घरच्या भाषेतच मुरलेला दिसतो. गाथेतून ओवीत तो थेट आला असं मी म्हणत नाही, तसा धागा दाखवता येत नाही. पण माती एकच आहे.

छपाई आली आणि एक गोष्ट बदलली. एकोणिसाव्या शतकात मराठीनं इंग्रजीकडून विरामचिन्हं घेतली, आणि त्यांच्याबरोबर ओळीच्या शेवटी तीन टिंबं आली. तेव्हापासून न बोललेलं लिहायचं असलं की आपण टिंबं देतो. मला त्यांचा कंटाळा आहे. टिंबं सांगतात, 'इथं काहीतरी गाळलंय बरं का.' गाळलंय हे वाचणाऱ्याला सांगावं लागत असेल, तर ते नीट गाळलेलं नसतं.

हे मी शिकलो ते स्वतःच्या एका फसलेल्या कथेवरून. पैठण तालुक्यात माझे मामा-मामी राहायचे. एका पाऊस न झालेल्या वर्षी मामानं बैलजोडीतला एक बैल बाजारात नेऊन विकला, मामीला न विचारता. बैल तिच्या माहेरून आलेला. त्या दिवसापासून अबोला. सुटीत मी तिथं होतो, त्यामुळं निरोप्या मीच. मामी चुलीपाशी बसून म्हणायची, 'तुझ्या मामाला म्हण, भाकर झालीय.' मामा तिथंच, दोन हातांवर. पण मी म्हणेपर्यंत त्यांना ऐकू यायचं नाही. मग ते म्हणायचे, 'मामीला म्हण, भूक न्हाई.'

एक दिवस मी गावात गेलो होतो. परत आलो तर मामी गोठ्यात उरलेल्या बैलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणत होती, 'तुझा जोडीदार कुठं गेला रं? जाताना इचारलं का कुणाला?' मामा कडब्याची पेंढी सोडत होते.

पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं होतं: 'मामी बैलाच्या आडून मामाला टोमणा मारत होती. दोघांमध्ये जीवघेणी शांतता पसरली...' टिंबांसकट. दुसऱ्या खर्ड्यात टोमण्याचं वाक्य काढलं, पण मामाचे डोळे पाणावल्याचं लिहिलं. ते मी पाहिलेलंच नव्हतं, गोठ्यात अंधार होता. शिवाय डोळे पाणावले की अबोला मिटलाच, पुढं लिहायला काही राहत नाही. तिसऱ्यांदा मी फक्त आठवत राहिलो की त्या वेळी कुणाचे हात काय करत होते.

मामांनी पेंढी सोडली, रोजच्या सवयीनं तिचे दोन भाग केले. एक बैलापुढं टाकला, दुसरा शेजारच्या रिकाम्या खुंट्यापाशी. आणि बाहेर निघून गेले. मामीनं तो दुसरा भाग पायानं सरकवत बैलापुढं नेला, आणि मला म्हणाली, 'मामाला म्हण, पाणी तापलंय.'