निवण्याचा काळ: न्यूट्रॉन सक्रियण विश्लेषणाची पार्श्वभूमी

पुण्यात अणुभट्टी नाही. खंडाळ्याच्या घाटातल्या बेसाल्टमध्ये लॅन्थनम किती, सेरियम किती हे न्यूट्रॉन सक्रियण विश्लेषणाने, म्हणजे न्यूट्रॉनांच्या माऱ्याने नमुना किरणोत्सारी करून त्यातून निघणाऱ्या गॅमा किरणांच्या ऊर्जेवरून मूलद्रव्यं मोजण्याच्या पद्धतीने पाहायचं असेल, तर दगडाची पूड पन्नासेक मिलिग्रॅमच्या पुड्यांमध्ये बांधून ट्रॉम्बेला द्यावी लागते. सोबत प्रमाण ज्ञात असलेल्या खडकाची पूडही जाते. हे सगळं पुण्याच्या वाचकाला माहीत असेलच. घोळ होतो तो 'कूलिंग' या शब्दापाशी.

पद्धतीचा जन्म 1936 मध्ये कोपनहेगनला झाला. तिथल्या दोघा संशोधकांनी रेडियम-बेरिलियमच्या न्यूट्रॉन-स्रोतासमोर दुर्मीळ मृदा गटातली मूलद्रव्यं ठेवली. त्यातलं डिस्प्रोसियम इतकं किरणोत्सारी झालं, की त्यावरून यिट्रियममधली त्याची भेसळ मोजता आली. पुढे भट्ट्या आल्या, आपल्याकडे ऑगस्ट 1956 मध्ये अप्सरा सुरू झाली आणि न्यूट्रॉनांची टंचाई संपली.

अडचण उरली मोजणीची. सोडियम आयोडाइडच्या डिटेक्टरमध्ये जवळजवळच्या ऊर्जेची गॅमा-शिखरं एकमेकांत मिसळत. म्हणून किरणित नमुना आम्लात विरघळवून एकेक मूलद्रव्य रसायनाने वेगळं करावं लागे. 1960 च्या दशकात जर्मेनियमचे डिटेक्टर आले, शिखरं सुटी दिसू लागली आणि बऱ्याच नमुन्यांसाठी ही रासायनिक खटपट थांबली. तिचं काम वेळेकडे गेलं, आणि माझ्या मते या पद्धतीच्या इतिहासातलं खरं वळण हेच आहे.

'कूलिंग'चा तापमानाशी संबंध नाही. नमुना भट्टीतून निघाल्यापासून मोजणी सुरू होईपर्यंतचा काळ म्हणजे कूलिंग. मी त्याला 'निवणं' म्हणतो, पण त्यानेही हात पोळण्याचंच चित्र उभं राहतं. त्यामुळे नवा विद्यार्थी निवणं म्हणजे केवळ सुरक्षेसाठी थांबणं समजतो आणि भट्टीवाले नमुना देतील तेव्हा मोजायला बसतो. प्रत्यक्षात कोणतं मूलद्रव्य दिसेल हे याच काळावर ठरतं.

बेसाल्टचंच पाहू. त्यात सोडियम भरपूर असतं. भट्टीत त्याचं सोडियम-24 होतं, अर्धायुष्य 15 तास. लॅन्थनम असतं दशलक्षात काही भाग, त्याचं होतं लॅन्थनम-140, अर्धायुष्य 40 तास. लॅन्थनमचं 1596 केव्ही, म्हणजे किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट, ऊर्जेचं शिखर सोडियमच्या 2754 केव्हीच्या गॅमामुळे उठणाऱ्या पार्श्वभूमीवर बसलेलं असतं. एका दिवसाने मोजलं तर सोडियम तिसऱ्या हिश्श्यावर आलेलं असतं, पण डिटेक्टर त्यातच गुंतून पडतो आणि त्याचा मृतकाळ, म्हणजे नवा गॅमा नोंदवता न येण्याचा काळ, वाढतो. सात दिवस थांबलं तर सोडियम सुमारे 2400 पटींनी घटतं, लॅन्थनम फक्त 18 पटींनी. म्हणजे लॅन्थनमची बाजू 130 पटींहून अधिक सुधारते. महिनाभर थांबलं तर मात्र लॅन्थनमच उरत नाही.

सेरियमचं उलट. सेरियम-141 चं अर्धायुष्य साडेबत्तीस दिवसांचं, शिखर 145 केव्हीला. पहिल्या आठवड्यात तिथेच यिटर्बियम-175 चं शिखर येतं आणि सेरियम फुगून दिसतं. यिटर्बियमचं अर्धायुष्य चार दिवसांच्या आसपास असल्याने महिन्याभरात ते दीडशेव्या हिश्श्याजवळ पोचतं, सेरियम निम्मं शिल्लक असतं. लोखंड-59 चं 142 केव्हीचं बारीक शिखर मात्र शेजारी राहतंच. बेसाल्टमध्ये लोखंड भरपूर, तेव्हा ते वेगळं काढूनच सेरियमचा आकडा घ्यायचा.

किरणनाचा कालावधीही याच हिशेबाने ठरतो. सात तासांऐवजी दोन दिवस नमुना भट्टीत ठेवला तर सोडियम-24 सव्वातीन पटच वाढतं, कारण ते संपृक्ततेकडे, म्हणजे जितकं तयार होतं तितकंच क्षय पावण्याच्या अवस्थेकडे, आलेलं असतं. सेरियम-141 जवळपास पावणेसात पट वाढतं. म्हणून दीर्घायुषी मूलद्रव्यांसाठी लांब किरणन घ्यावं आणि सोडियमचा वाढलेला गोंगाट निवण्यावर सोपवावा. ॲल्युमिनियम-28 सव्वादोन मिनिटांत अर्धं होतं. त्यासाठी काही सेकंदांचं वेगळं किरणन आणि भट्टीशेजारीच मोजणी हवी, ती पुण्यात आणून होणार नाही.

ट्रॉम्बेची सायरस ही भट्टी 2010 च्या अखेरीस बंद झाली. आता ध्रुव आणि 2018 पासूनची नवी अप्सरा आहे. भट्टीचा वेळ मोजकाच मिळत असल्याने एका किरणनावर एकच मोजणी उरकण्याचा मोह होतो. मला तो मान्य नाही. एका आठवड्याने एक आणि महिन्याने दुसरी, अशा दोन मोजण्या हव्यातच.

आठवड्याच्या मोजणीनंतर दोन दिवसांनी 1596 चं शिखर पुन्हा पाहावं. ते 44 टक्क्यांवर यायला हवं. जास्त उरलं तर नमुन्यातल्या युरेनियमच्या विखंडनातून आलेलं बेरियम-140 लॅन्थनमला खतपाणी घालतं आहे. बेसाल्टमध्ये युरेनियम फारच कमी, त्यामुळे हे क्वचित घडतं. युरेनियमयुक्त ग्रॅनाइटच्या पुड्या त्याच खेपेत असतील, तर त्यांची ही तपासणी आधी करावी.