अनुत्तरित ‘हाय’

चॅट ॲपवर एका व्यक्तीने दुसरीला ‘हाय’, ‘हॅलो’ किंवा ‘नमस्कार’ एवढाच मजकूर पाठवला आणि त्याला कित्येक दिवस उत्तर आले नाही, म्हणजे उद्भवणारी स्थिती व तीत पाठवणाऱ्याने करावयाची कृती. भारतात या प्रकारचा बहुतेक व्यवहार व्हॉट्सॲपवर होत असल्याने प्रस्तुत नोंदीतील तांत्रिक तपशील त्या ॲपचा आहे. अशा वेळी ‘हाय’ पुन्हा न पाठवता कामाचा संपूर्ण मजकूर असलेला एकच संदेश पाठवावा, मुदतीचे काम असल्यास त्यानंतर फोन करावा आणि मग थांबावे, हा सर्वसाधारण उपाय होय. तो तसा का आहे, हे मात्र ‘हाय’ या संदेशाचे स्वरूप काय मानावे यावर अवलंबून आहे आणि त्याविषयी दोन मते संभवतात.

पहिल्या मतानुसार ‘हाय’ हे निव्वळ अभिवादन असून त्याचा हेतू संबंध राखणे एवढाच असतो. ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की या मानवशास्त्रज्ञाने १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात अशा बोलण्याकडे लक्ष वेधले होते. ‘काय, कसं काय?’ किंवा ‘जेवण झालं का?’ यांसारख्या विचारण्यात माहितीची देवाणघेवाण गौण असते. दोन माणसे परस्परांशी बोलली, हेच त्यातील फलित. रोमान याकोबसन या भाषाशास्त्रज्ञाने १९६० मध्ये या कल्पनेचा विस्तार करून, संपर्काचा मार्ग खुला आहे किंवा नाही हे पाहणाऱ्या बोलण्याला भाषेच्या कार्यांमध्ये स्वतंत्र स्थान दिले. हे मत ग्राह्य धरले, तर अनुत्तरित ‘हाय’ हा एक छोटासा अनादर ठरतो. समोरच्याने नमस्काराला नमस्कार केला नाही, असा त्याचा अर्थ होतो.

दुसरे मत ‘हाय’ला हाक मानते. त्याचा आधार इमॅन्युएल शेग्लॉफ या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये मांडलेल्या दूरध्वनी-संभाषणाच्या विश्लेषणात सापडतो. फोनची घंटा ही हाक आणि उचलणाऱ्याचे ‘हॅलो’ हा तिला दिलेला ओ, अशी त्याची मांडणी आहे. त्याने तपासलेल्या सुमारे ५०० फोनपैकी एकाच ठिकाणी फोन करणाराच आधी बोलला होता: पलीकडे फोन उचलला गेला, पण कोणी बोलेना, म्हणून करणाऱ्याने ‘हॅलो’ म्हटले. या एका अपवादासाठी शेग्लॉफने आपली मांडणी पुन्हा तपासली आणि ते ‘हॅलो’ अभिवादन नसून घंटेला ओ न मिळाल्यामुळे दिलेली दुसरी हाक आहे, असा निष्कर्ष काढला. चॅटमधील ‘हाय’ याच जातीचे दिसते. संदेश येताच वाजणारा टोन ही पहिली हाक असते; त्यापाठोपाठ पडद्यावर दिसणाऱ्या ‘हाय’मध्ये कामाचे काहीच नसल्याने तेही हाकेचेच काम करते.

हाकेला दोन बंधने असतात. ओ मिळाल्यावर हाक मारणाऱ्याने पुढे बोललेच पाहिजे, आणि ओ देणाऱ्याने ते ऐकून घेण्याची तयारी दाखवलेली असते. समोरासमोर हा करार दोन-चार सेकंदांत पुरा होतो. चॅटमध्ये मात्र ‘हाय’ला ‘हाय’ लिहिणारा, पुढे काय येणार हे माहीत नसताना आपला वेळ बांधून देतो: उसने पैसे मागितले जातील, विमा पॉलिसी गळ्यात मारली जाईल, की खरोखर केवळ विचारपूस असेल, हे त्याला कळत नाही. त्यामुळे तो ‘नंतर पाहू’ म्हणतो आणि तो नंतर येत नाही. अनुत्तरित ‘हाय’च्या व्यवहारात दिसणाऱ्या बहुतांश गोष्टींचा उलगडा या दुसऱ्या मताने अधिक नीट होतो.

नुसते अभिवादन पाठवू नये, हा संकेत व्हॉट्सॲपपेक्षा जुना आहे. फिनलंडमध्ये १९८८ साली यार्को ऑयकारिनेन याने आयआरसी ही गप्पांची प्रणाली तयार केली, तिच्यावरील तांत्रिक मदतीच्या कक्षांमध्ये ‘विचारू का, असे विचारू नका, थेट विचारा’ हा दंडक पुढे, बहुधा १९९०च्या दशकात, रुळला. कार्यालयीन चॅटमधील ‘नुसते हॅलो नको’ हे आर्जव त्यातूनच आले, असे सामान्यतः समजले जाते. परंतु ते कार्यालयांत स्वतंत्रपणे उद्भवले असण्याचीही शक्यता आहे. nohello.net या संकेतस्थळावर त्याचे एका पानात मावणारे रूप आढळते. मराठी पत्रव्यवहाराला हे शिकवण्याची गरज नव्हती. ‘सा. न. वि. वि.’ लिहून झाल्यावर मजकूर न लिहिताच पोस्टकार्ड पेटीत टाकणारा मनुष्य कोणाच्या ऐकिवात नसावा.

उत्तर न येण्याचे कारण ठरवण्यापूर्वी टिकांचा अर्थ लावावा लागतो. एक करडी टिक म्हणजे संदेश पाठवणाऱ्याच्या फोनमधून निघाला, पण पोहोचलेला नाही. पलीकडचा फोन बंद असणे, इंटरनेट नसणे, नंबर बदललेला असणे किंवा पाठवणाऱ्याला ब्लॉक केलेले असणे यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. असा न पोहोचलेला संदेश सर्व्हरवर जास्तीत जास्त ३० दिवस राहतो व नंतर पुसला जातो. दोन करड्या टिका म्हणजे संदेश पोहोचला. मात्र तो समोरच्याच्या फोनवरच पोहोचला असे नाही, फोनला जोडलेल्या एखाद्या संगणकावर पोहोचला तरी दुसरी टिक उमटते. नोव्हेंबर २०१४ मध्ये आलेल्या निळ्या टिका वाचल्याची खूण मानल्या जातात. त्या नसणे हा न वाचल्याचा पुरावा नव्हे, ही गोष्ट वारंवार विसरली जाते: वाचल्याची पोच सेटिंगमधून बंद करता येते, आणि ‘हाय’सारखा दोन अक्षरी संदेश तर चॅट न उघडता सूचनेच्या पट्टीतच वाचून होतो. शिवाय २०२१ पासून अर्काइव्ह केलेले चॅट नवा संदेश आला तरी अर्काइव्हमध्येच राहते, त्यामुळे पोहोचलेला संदेश दृष्टीस न पडणेही शक्य आहे. संदेशावर बोट दाबून धरून `Info` उघडल्यास पोहोचल्याची आणि पोच सुरू असल्यास वाचल्याची वेळ दिसते. ब्लॉकबाबत ॲप मुद्दामच खात्रीची खूण देत नाही. कायम एक टिक, न दिसणारे ‘लास्ट सीन’ आणि न लागणारा कॉल या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तरी तो अंदाजच राहतो.

पाठवणाऱ्याचा नंबर समोरच्याकडे जतन केलेला नसेल, तर गप्प राहणे हेच शहाणपणाचे मानले जाते. घरबसल्या कमाई, गुंतवणूक किंवा ‘चुकून लागलेला नंबर’ या नावाखाली होणाऱ्या फसवणुकीची सुरुवात पुष्कळदा अनोळखी क्रमांकावरून आलेल्या अशाच ‘हाय’ने होते.

एक नमुन्याचे उदाहरण घेता येईल. कल्याणच्या एका तरुणाला नोकरीच्या अर्जात संदर्भ म्हणून आपल्या जुन्या वरिष्ठांचे नाव द्यायचे आहे आणि अर्ज शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पोहोचायला हवा. तो सोमवारी सकाळी ‘हाय सर’ लिहितो. दोन करड्या टिका लगेच येतात, पण बुधवारी सकाळपर्यंत उत्तर येत नाही. ती जुनी नोकरी सुटल्यानंतरच्या काळात या तरुणाने नंबर बदललेला आहे. म्हणजे सरांना दिसतो आहे तो एक अनोळखी आकडा आणि त्यापुढे ‘हाय सर’. या टप्प्यावर ‘सर, बिझी आहात का?’ किंवा नुसते ‘??’ पाठवले, तर आधीचीच हाक अधिक मोठ्याने दिल्यासारखे होईल. त्याऐवजी त्याने असे लिहावे: ‘सर, नमस्कार. मी २०१९ ते २०२१ या काळात लेखा विभागात आपल्या हाताखाली होतो. हा माझा नवा नंबर. एका नोकरीच्या अर्जात संदर्भ म्हणून आपले नाव आणि फोन नंबर देऊ का? अर्ज शुक्रवारी संध्याकाळी पाठवायचा आहे. अडचण असेल तर तसे कळवले तरी चालेल, मी दुसरे नाव देईन.’ अर्थात आरंभी स्वतःचे पूर्ण नाव घालावे. समोरचा आवाजावरून ओळखू शकत नाही.

या मजकुरात ओळख आहे, एकच प्रश्न आहे, तारीख आहे, आणि नकार देण्याची वाट मोकळी ठेवलेली आहे. शेवटची बाब सर्वांत अधिक उपयोगी पडते, कारण पुष्कळ माणसे ‘नाही’ म्हणण्याच्या संकोचापायीच गप्प बसतात. प्रश्न असा असावा की ‘हो, दे’ एवढ्या उत्तराने काम व्हावे. आधीच्या ‘हाय’चा उल्लेख टाळावा, ‘सोमवारी मेसेज केला होता, पाहिला नाही वाटतं’ या वाक्याने समोरच्याला प्रथम खुलासा देणे भाग पडते आणि मूळ प्रश्न मागे राहतो.

दुसरा संदेश पाठवण्याऐवजी पहिला पुसून टाकण्याकडे काहींचा कल असतो. सर्वांसाठी पुसण्याची मुदत ऑगस्ट २०२२ पासून २ दिवसांहून थोडी अधिक आहे. संदेश सुधारण्याची सोय तर पाठवल्यापासून १५ मिनिटांपुरतीच मिळते. म्हणजे उत्तराची वाट पाहण्यात तीन-चार दिवस गेल्यावर ‘हाय’ समोरच्याच्या फोनमधून काढता येत नाही, फक्त आपल्या फोनमधून नाहीसे होते. मुदतीत पुसले तरी त्या जागी संदेश पुसल्याची नोंद राहते, आणि मूळ ‘हाय’ने जी उत्सुकता निर्माण केली नसती ती ही नोंद करते. व्हॉइस मेसेज हा पर्यायही क्वचितच बरा: तो कानाला लावायला निवांतपणा लागतो, आणि वाचल्याची पोच बंद असली तरी ऐकल्याची खूण पाठवणाऱ्याला दिसते, ही गोष्ट जाणणारा मनुष्य तो मुद्दाम ऐकत नाही.

दुसऱ्या संदेशानंतर किती थांबावे, हे कामावर ठरते. वरील उदाहरणात गुरुवारी दुपारी एक फोन करणे रास्त आहे. तो उचलला गेला नाही, तर शुक्रवारी दुसरे नाव देऊन अर्ज पाठवावा. सरांनी होकार दिला नसताना त्यांचे नाव घालणे योग्य नव्हे. मुदत नसलेल्या कामात आठवडाभराने एकदा विचारण्यास हरकत नसावी. एकच टिक असेल, तर चॅटमध्ये आणखी काही लिहिण्यात अर्थ नसतो. साधा एसएमएस, ई-मेल किंवा दोघांच्या ओळखीच्या व्यक्तीकडून नवा नंबर मिळवणे हेच मार्ग उरतात. मात्र ब्लॉक केले असल्याची शक्यता वाटत असताना दुसऱ्या नंबरवरून संपर्क साधणे टाळावे.

काहीच काम नसताना, केवळ जुन्या ओळखीखातर पाठवलेल्या ‘हाय’ला वरील पद्धत पूर्णपणे लागू होत नाही. तेथे कामाऐवजी निमित्त द्यावे लागते: ‘आज दादरला आपल्या जुन्या खानावळीवरून गेलो, तुझी आठवण झाली. उत्तराची घाई नाही.’ असा संदेश स्वतःच पूर्ण असतो व त्याला ओ आली नाही तरी तो अर्धवट राहत नाही. त्यालाही उत्तर आले नाही, तर तिसरा पाठवू नये. सणासुदीचे फॉरवर्ड तर नकोतच, कारण त्यांनी ते चॅट म्यूट होण्याचीच शक्यता वाढते.