लाईट गेली आणि राउटर अर्ध्यातच राहिला

मे महिन्यातली गोष्ट. औशाला पुतण्याच्या झेरॉक्सच्या दुकानात त्याच्या राउटरचं फर्मवेअर, म्हणजे राउटर चालवणारा आतला प्रोग्राम, नवं करायला बसलो होतो. अपडेटची पट्टी निम्म्याच्या जवळ पोचली, बाहेर वळवाचा वारा सुटला आणि लाईट गेली. इन्व्हर्टर लागला, पंखा फिरायला लागला, पण राउटरचे दिवे एकदा विझून पुन्हा लागले होते.

"काका, इन्व्हर्टर हाय की आपल्याकडं!"

होता, पण मेनवरून बॅटरीवर जाताना काही जुने इन्व्हर्टर क्षणभर थांबतात. पंख्याला ते कळतही नाही, राउटर मात्र तेवढ्यात बंद पडून नव्याने सुरू होतो. हे आधी तपासायला हवं होतं, आणि तपासणी अगदी सोपी आहे: मेन स्विच पाडायचा आणि राउटरकडे बघायचं. दिवे हलले नाहीत तरच फर्मवेअरला हात लावायचा. राउटरला त्याच्याच व्होल्टेजचा, बहुतेक वेळा १२ व्होल्टचा, छोटा यूपीएस लावला असेल तर उत्तमच.

एवढ्या क्षणात काय बिघडतं? राउटरच्या फ्लॅश चिपवर जुन्यावर थेट नवं लिहिता येत नाही. आधी एक अख्खा तुकडा पुसायचा, मग त्यावर लिहायचं. पुष्कळ राउटरांत हा तुकडा ६४ केबीचा असतो. म्हणजे ८ एमबीच्या चिपमध्ये असे १२८ तुकडे, एकामागून एक. मधेच वीज गेली की काही तुकडे नवे, एखादा कोरा, बाकीचे जुने. पाटीवरचा अर्धा धडा पुसून दुसरा लिहायला घेतला आणि खडू संपला, तसं.

पण चिपच्या सुरुवातीला बूटलोडर नावाचा एक छोटा प्रोग्राम वेगळा राखलेला असतो. साधारणपणे अपडेट त्याला शिवत नाही. वीज आली की सगळ्यात आधी तोच जागा होतो, पुढचं फर्मवेअर धड आहे का ते बघतो, आणि नसेल तर बऱ्याच राउटरांत नव्या फाइलची वाट बघत थांबतो. म्हणून असा राउटर मेला असं लगेच समजू नये. नुसतं ब्राउझरचं पान अडकलं असेल आणि दिवे चालू असतील, तर पंधरा मिनिटं प्लगला हात लावू नये. आत लिहिणं चालूच असू शकतं.

आमच्याकडे वाय-फायचं नाव दिसेना आणि पॉवरचा दिवा सारखा लुकलुकत होता. लॅपटॉपचं वाय-फाय बंद केलं, वायर राउटरच्या लॅन पोर्टमध्ये घातली. नेटची वायर येते तो, बहुधा वेगळ्या रंगाचा, पोर्ट इथे चालत नाही. लॅपटॉपला हाताने 192.168.1.10 हा पत्ता आणि 255.255.255.0 हा मास्क दिला, कारण पत्ता वाटणारा राउटर स्वतःच आडवा पडलेला. मग राउटर बंद-चालू केला आणि तो हाकेला ओ देतो का ते बघायला कमांड प्रॉम्प्टमध्ये राउटरच्या पत्त्यावर हे चालवलं:

```
ping -t 192.168.1.1
```

उत्तरं यायला लागली, शेवटी `TTL=100`. इथे माझा जीव भांड्यात पडला. पूर्ण सुरू झालेला राउटर बहुधा 64 दाखवतो. ब्रॉडकॉमची चिप असलेल्या पुष्कळ राउटरांत 100 हा आकडा बूटलोडरचा. म्हणजे तो जागा होता.

फाइल लॅपटॉपवर आधीच होती, हे नशीब नव्हे, सवय. राउटर पडल्यावर नेट कुठून आणणार? राउटरच्या बुडाशी लेबलवर मॉडेलबरोबर V1, V2 असं लिहिलेलं असतं, फाइल नेमकी त्याचीच लागते. अशी फाइल पाठवणारा टीएफटीपी क्लायंट विंडोजमध्ये बंद असतो. तो विंडोज फीचर्समधून चालू केला आणि फाइल पाठवली:

```
tftp -i 192.168.1.1 put firmware.bin
```

काही सेकंदांत `Transfer successful` आलं. पुतण्याचा हात लगेच प्लगकडे गेला, तो मी धरला. फाइल आत्ता फक्त राउटरच्या रॅममध्ये पोचली होती. पुसणं-लिहिणं तिथून पुढे. पाच-सात मिनिटांनी दिवा स्थिर झाला आणि पिंगमध्ये 64 आलं.

प्रत्येक राउटरची रीत हीच असेल असं नाही. कुणात रीसेट दाबून धरत वीज चालू केली की ब्राउझरमध्ये फाइल टाकायचं साधं पान उघडतं. कुणात उलटं असतं, राउटरच ठरलेल्या नावाची फाइल लॅपटॉपकडे मागतो. काहींत फर्मवेअरच्या दोन प्रती असतात, एक बिघडली की दुसरीवर जातात. आपल्या मॉडेलची रीत अपडेटच्या आधी वाचून ठेवावी. नेटवाल्याने बसवलेल्या फायबरच्या डब्याला मात्र हे प्रयोग करू नयेत, त्याचं अपडेट तोच लांबून करतो.

पिंगला काहीच उत्तर नाही, रीसेट दाबून धरूनही नाही, तर बूटलोडरच गेला असण्याची शक्यता आहे. मग राउटर उघडून चिपला क्लिप लावून प्रोग्रामरने लिहावं लागतं. तो माणूस लातुरात शोधायचा की नवा राउटर घ्यायचा, हा हिशेब ज्याचा त्याने करावा.

आमचा राउटर उठला, पण नेट सुरू व्हायला संध्याकाळ झाली. सेटिंग कोरी झाली होती, आणि नेटवाल्याने दिलेलं युजरनेम-पासवर्ड पुतण्याने कुठंच लिहून ठेवलं नव्हतं.