डिनर सेटचा सुटा नग हवाय? आधी प्लेट उलटी करा

सेटमधली बशी फुटली किंवा सहापैकी दोन क्वार्टर प्लेट गेल्या, की आमच्याकडे व्हॉट्सअॅपवर फोटो येतो. निळी फुलं, सोनेरी काठ आणि खाली प्रश्न : "अशी मिळेल का? केवढ्याला?" या फोटोवरून आम्ही भाव सांगत नाही. काहींना ते आडमुठेपणाचं वाटतं, म्हणून कारण लिहितो.

फुलांवरून कंपनी ओळखता येत नाही. बहुतेक नक्षी हाताने काढलेली नसते. ती डेकलची, म्हणजे छापील पातळ थराची असते. प्लेटवर चिकटवून ती भट्टीत पक्की करतात. अशी डेकल तयार विकत मिळतात, त्यामुळे तोच गुलाब दोन-तीन कारखान्यांच्या मालावर सापडतो. शेजारी ठेवलं की मात्र एकीचा काठ उभट, दुसरीचा पसरट निघतो. अशी प्लेट मागवली की ती परत पाठवण्यात तुमचे आणि आमचे दिवस जातात. म्हणून पहिला फोटो बुडाचा हवा.

बुडावरच्या शिक्क्यात साधारण चार गोष्टी असतात : कंपनीचं नाव किंवा चिन्ह, देश, मालाचा प्रकार आणि पॅटर्नचं नाव किंवा नंबर. 'फाइन बोन चायना' ही कंपनी नव्हे, तो मालाचा प्रकार आहे. हा घोळ आम्ही रोज निस्तरतो.

एक उदाहरण घ्या. शिक्क्यावर नोरिटाके, मध्ये वेलीच्या कड्यात अक्षर आणि खाली चार आकडी नंबर आहे. कड्यात 'एम' असेल तर माल जुना, कारण 1953 च्या सुमारास कंपनीने 'एम'च्या जागी 'एन' आणला. चार आकडी नंबर बहुधा पॅटर्नचा असतो, सुटा नग शोधताना तोच सगळ्यात कामाचा. देशही वाचा. नोरिटाकेचा माल जपानप्रमाणे श्रीलंकेतही बनतो, आणि नाव एक असलं तरी दोन्हीकडच्या पांढऱ्या रंगात फरक पडू शकतो. म्हणून शिक्का जुळला तरी आम्ही रंग आणि माप पाहिल्याशिवाय ऑर्डर टाकत नाही.

रंगासाठी प्लेट दिवसा खिडकीपाशी ठेवा, शेजारी कोरा ए-फोर कागद ठेवा आणि फ्लॅश बंद करून फोटो काढा. पिवळ्या बल्बखाली पांढरी प्लेटही साय आल्यासारखी दिसते. माप म्हणजे एका काठापासून समोरच्या काठापर्यंतची रुंदी, मिलिमीटरमध्ये. क्वार्टर प्लेट म्हणून लोक 16 सेंटीमीटरचीही सांगतात आणि 19 चीही. बशी हवी असेल तर कप बसतो त्या खोलगट गोलाचंही माप द्या. कप डुगडुगतो तो तिथेच.

शिक्का पुसट असेल तर ग्लेझ, म्हणजे वरची चकाकी, थोडं सांगते. शिक्क्यावरून नख फिरवा. नखाला कड लागली तर तो ग्लेझच्या वर आहे. असा शिक्का तारेच्या घासणीने झिजतो, तेव्हा सौम्य साबण पुरे. गुळगुळीत लागला तर तो ग्लेझखाली आहे आणि सहसा जात नाही. शिक्का दाबून उमटवलेला असेल तर त्यावर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासा, अक्षरं वाचता येतील.

नंतर बुडाची गोल कड पाहा. पोर्सिलेनमध्ये तिच्यावरचं ग्लेझ भट्टीत जाण्याआधी पुसलेलं असतं, म्हणून ती खरखरीत लागते. बुडावर तीन बारीक ठिपके दिसले तर तो दोष नाही. भट्टीत नग तीन टोकांवर टेकवला होता, त्याच्या त्या खुणा. आणि प्लेट ट्यूबसमोर धरा : मागच्या बोटांची सावली दिसली आणि पांढऱ्यात किंचित उबदार छटा असली तर बोन चायना असण्याची शक्यता मोठी. सावली दिसली, पण कुठेच खरखर लागत नाही आणि फुटलेली कड काचेसारखी चमकते, तर तो ओपल ग्लास असू शकतो. त्याला ग्लेझ नसतंच. बोन चायना म्हणून आणलेले सेट इथे आणल्यावर ओपल निघतात, तेव्हा वाद नको म्हणून आम्ही तुमच्यासमोरच तपासतो.

जमलं तर एक अखंड नग आणि फुटलेला तुकडा, दोन्ही घेऊन या. तुकड्याची आतली माती रंग सांगते, तो फेकू नका. गावाकडून येणं शक्य नसेल तर बुडाचा, समोरचा आणि बाजूने काठाचा असे तीन फोटो आणि मापं पाठवा. पूर्ण सेटचे सुटे नग मागवायला आम्ही आगाऊ रक्कम घेतो. नग शेजारी ठेवून जुळला नाही तर ती परत करतो. पांढऱ्या साध्या प्लेट आणि तांबडा-पांढरा रश्श्याच्या वाट्या मात्र दुकानात तयार असतात, त्यासाठी फोटो नको, नुसतं माप सांगा.